स्टिफ समीकरणं सोडवताना या चुका टाळा

प्रोग्राम बरोबर आहे, समीकरण बरोबर आहे, तरी आलेखावर रेषा आधी थरथरते आणि मग थेट `nan` येतं. किंवा उत्तर येतं, पण दोन ओळींच्या गणिताला संगणक मिनिटंच्या मिनिटं घेतो. विकल समीकरणं संगणकावर सोडवायला लागलेल्या बहुतेकांना हे कधी ना कधी दिसतं, आणि बहुतेक जण शोध चुकीच्या जागी घेतात. म्हणून आधी एक छोटं उदाहरण हाताने सोडवून बघू.

```
y' = -1000 (y - cos t) - sin t,   y(0) = 0
```

याचं अचूक उत्तर माहीत आहे: `y = cos t - exp(-1000 t)`. यातला दुसरा भाग काही मिलिसेकंदांत संपतो. त्यानंतर उरतो फक्त `cos t`, जो इतका संथ बदलतो की ०.०१ची स्टेप त्याला हवी त्याहून बारीकच म्हणायची. आता साधी ऑयलर पद्धत घ्या, म्हणजे आत्ताच्या बिंदूवरचा उतार घेऊन पुढे जायचं. स्टेप ०.०१ ठेवली की उत्तरं येतात ०, १०, −८०, ७३०. खरं उत्तर मात्र १च्या आसपास बसून आहे.

असं का होतं? प्रत्येक स्टेपला आधीच्या त्रुटीला `1 - 1000h` ने गुणलं जातं. `h = 0.01` असेल तर हा गुणक −९ येतो. चिन्ह दर वेळी उलटतं आणि आकडा नऊपट होतो. गुणक −१ आणि १च्या मध्ये ठेवायचा तर `h` ०.००२पेक्षा लहानच हवा.

इथे पहिला गैरसमज होतो: ‘सुरुवातीचा झटका ओसरला की स्टेप वाढवता येईल.’ येत नाही. तेच समीकरण `y(0) = 1` पासून सोडवा. आता आपण थेट `cos t` वर उभे आहोत, झटका नाहीच. तरीही पहिल्या स्टेपला ०.००००५ एवढी किरकोळ त्रुटी येते, तिलाही −९चा गुणक लागतो आणि दहाव्या स्टेपला ती हजारोंच्या घरात जाते. वेगवान भाग उत्तरातून गेलेला असतो, समीकरणातून नाही. स्टिफपणा म्हणतात तो हाच: स्टेप किती घ्यायची हे उत्तराचा आकार ठरवत नाही, केव्हाच विझून गेलेला एक वेगवान भाग ठरवतो. कर्टिस आणि हर्शफेल्डर यांनी १९५२ साली रासायनिक अभिक्रियांच्या संदर्भात अशा समीकरणांना स्टिफ म्हटलं.

यावर लोक सहसा जास्त ‘भारी’ पद्धत शोधतात. ऑयलर गेला, आरके-४ म्हणजे चौथ्या क्रमाची रुंगे-कुट्टा पद्धत आली. पण आरके-४ची मर्यादा या उदाहरणात साधारण ०.००२८ एवढीच आहे. चौथ्या क्रमाची अचूकता मिळाली, स्टेप मात्र दीडपटसुद्धा वाढली नाही, आणि प्रत्येक स्टेपला चार वेळा फंक्शन काढावं लागलं. स्टेप आपोआप बदलणारा सॉल्व्हर वापरला तर उत्तर फुटत नाही, पण तो स्टेप त्याच मर्यादेला चिकटवून ठेवतो. टॉलरन्स, म्हणजे चालवून घ्यायची त्रुटी, ढिला करून काहीच फरक पडत नाही, आणि ओळखायची खूण तीच आहे: टॉलरन्स शंभरपट ढिला करूनही स्टेपची संख्या जवळपास तेवढीच राहिली, तर स्टेप अचूकतेसाठी लहान होत नाहीये, स्थिरतेसाठी होतेय.

आता इम्प्लिसिट ऑयलर. फरक एवढाच की उतार आत्ताच्या बिंदूवरचा न घेता जिथे पोहोचायचंय तिथला घ्यायचा:

```
y_new = y_old + h f(t_new, y_new)
```

`y_new` दोन्ही बाजूंना आहे, म्हणून प्रत्येक स्टेपला एक समीकरण सोडवावं लागतं. त्या बदल्यात त्रुटीचा गुणक होतो `1/(1 + 1000h)`. `h` कितीही मोठा घ्या, हा १पेक्षा कमीच राहतो. स्टेप ०.०१ आणि `y(0) = 0` घेतलं तर उत्तरं येतात ०.९०९, ०.९९१५, ०.९९८८, आणि पुढे ती `cos t` ला धरून चालतात. एक गोष्ट मात्र नीट बघा: `t = 0.01` ला खरं उत्तर ०.९९९९० आहे आणि आपल्याला ०.९०९ मिळालं. इम्प्लिसिट पद्धतीने तो झटका अचूक काढला नाही, त्याला सुखरूप ओलांडून ती पुढे गेली. झटकाच अभ्यासायचा असेल तर स्टेप लहान घ्यावीच लागते.

‘साध्या ऑयलरसारख्या एक्स्प्लिसिट पद्धतींतच काही युक्ती सापडेल’ हा विचारही करून झालेला आहे. कितीही मोठ्या स्टेपला स्थिर राहील अशी एक्स्प्लिसिट बहुपदरी पद्धत, म्हणजे मागचे अनेक बिंदू वापरणारी पद्धत, असूच शकत नाही, हे डालक्विस्ट यांनी १९६३मध्ये सिद्ध केलं. एक्स्प्लिसिट रुंगे-कुट्टाचं कारण तर सरळ दिसतं: तिथे त्रुटीचा गुणक ही `h` मधली बहुपदी असते, आणि बहुपदी मोठ्या `h` ला मोठीच होणार. गुणक खाली ठेवायला छेदात काहीतरी हवं, आणि तो छेद समीकरण सोडवल्यावरच येतो.

मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती चूक यापुढची आहे, कारण ती समजून-उमजून इम्प्लिसिट पद्धत लिहिणाऱ्यांकडून होते. `y_new` दोन्ही बाजूंना आहे ना, मग उजवीकडे अंदाज घालायचा, डावीकडे नवा अंदाज येईल, तो पुन्हा उजवीकडे घालायचा. चार ओळींचा लूप, दिसायला निर्दोष. पण आपल्या उदाहरणात `h = 0.01` असताना या लूपमध्ये अंदाजातली त्रुटी दर फेरीला दहापट होते. तो जुळून यायला `1000h < 1` हवं, म्हणजे `h` ०.००१पेक्षा लहान. साधा ऑयलर ०.००२पर्यंत टिकत होता! इम्प्लिसिट पद्धत वापरली, जास्त खर्च केला आणि पहिल्यापेक्षा कडक मर्यादा पदरात पडली. ‘इम्प्लिसिटनेही फुटतं’ अशी तक्रार कानावर आली की आधी हा लूप तपासावा.

तिथे न्यूटनची पद्धत हवी. एका चलासाठी `1 + 1000h` ने भागायचं. अनेक चलांसाठी जेकोबियन `J`, म्हणजे आंशिक अवकलजांची मॅट्रिक्स, काढून `I - hJ` या मॅट्रिक्सची समीकरणं सोडवायची. जेकोबियन थोडा जुना किंवा ढोबळ असला तरी चालतो. फेऱ्या वाढतात, पण जुळल्यावर मिळणारं उत्तर तेच असतं. हाताने काढलेल्या जेकोबियनमध्ये एखादं चिन्ह चुकलं तर मात्र सॉल्व्हर सारखा स्टेप कापत बसतो. शंका आली तर आपला जेकोबियन काढून टाका आणि सॉल्व्हरला तो स्वतःच आकड्यांनी काढू द्या. वेग अचानक वाढला तर दोष तिथेच होता.

आता खरं उदाहरण. रॉबर्टसन यांनी १९६६मध्ये मांडलेली तीन पदार्थांची अभिक्रिया आजही सॉल्व्हर तपासायला वापरतात. तिच्यातले वेगांक ०.०४, १०,००० आणि ३ कोटी असे आहेत.

```python
from scipy.integrate import solve_ivp

def rob(t, y):
    a, b, c = y
    r1, r2, r3 = 0.04*a, 1e4*b*c, 3e7*b*b
    return [-r1 + r2, r1 - r2 - r3, r3]

s = solve_ivp(rob, (0, 40), [1, 0, 0], method="Radau",
              rtol=1e-6, atol=[1e-8, 1e-12, 1e-8])
print(s.y[:, -1], len(s.t))
```

`t = 40` ला उत्तर साधारण ०.७१५८, ०.०००००९१९ आणि ०.२८४२ येतं. त्या क्षणी जेकोबियनमधला मधल्या पदार्थाचा आकडा −३४००च्या आसपास असतो. त्यामुळे साध्या ऑयलरला ०.०००६पेक्षा मोठी स्टेप परवडत नाही, आणि एक्स्प्लिसिट `method="RK45"` केलं तर स्टेपची संख्या दहा हजारांच्या वर जाते. `Radau` किंवा `BDF` या इम्प्लिसिट पद्धती तेच काम फार तर काही शे स्टेपमध्ये करतात. पुढे `c` १कडे जातो तसा तो आकडा −१०,०००कडे सरकतो. म्हणजे उत्तर जसजसं संथ होतं तसतशी एक्स्प्लिसिट पद्धतीची स्टेप आणखी लहान होते.

या कोडमधल्या `atol` कडे, म्हणजे चालवून घ्यायच्या निरपेक्ष त्रुटीकडे, लक्ष द्या. मधला पदार्थ जास्तीत जास्त ०.००००३६५पर्यंत जातो आणि मग घटतच राहतो. `solve_ivp` मध्ये `atol` न सांगितल्यास तो ०.०००००१ धरला जातो, म्हणजे `t = 40` ला या पदार्थाच्या जवळजवळ एक नवमांश. सॉल्व्हरच्या हिशेबात तेवढी चूक चालण्यासारखी आहे! `b` इतका लहान आहे की `a` आणि `c` बरोबर दिसतात आणि `b` चुकल्याचं कळतही नाही. आणखी पुढच्या काळात `b` शून्याखाली घसरला तर हे समीकरण त्याला ऋण अनंताकडे ओढू शकतं. म्हणून प्रत्येक चलाला त्याच्या आकारमानाप्रमाणे वेगळा `atol` द्यावा. मिळालेल्या ऋण किमतीला हाताने शून्य करणं हा उपाय नाही. त्याने मूळ दोष झाकला जातो आणि एकूण पदार्थ १ राहत नाही.

शेवटची एक फसगत: सगळ्या इम्प्लिसिट पद्धती सारख्या नसतात. ट्रॅपेझॉइडल पद्धत दुसऱ्या क्रमाची आहे आणि कितीही मोठ्या स्टेपला फुटत नाही, म्हणून ती आकर्षक वाटते. पण आपल्या पहिल्या उदाहरणात `h = 0.1` घेतलं तर तिचा गुणक `(1 - 50)/(1 + 50)`, म्हणजे −०.९६ येतो. `y(0) = 0` पासून सुरुवात केली तर दहा स्टेपनंतरही मूळ त्रुटीचा दोन-तृतीयांश भाग उरतो, तोही दर स्टेपला वर-खाली उड्या मारत. इम्प्लिसिट ऑयलरचा गुणक तिथे १/१०१ आहे. आलेखावर करवतीसारखे दात दिसले, पण ते वाढत नसले, तर हाच प्रकार असण्याची शक्यता जास्त. सुरुवातीच्या दोन-चार स्टेप इम्प्लिसिट ऑयलरने काढून मग ट्रॅपेझॉइडलकडे वळलं की हे दात जातात. नाहीतर सरळ `Radau` किंवा `BDF` वापरावं, वेगवान भाग ते खरोखर दाबतात.

उलट बाजूही आहे. पहिल्या उदाहरणात तुम्हाला फक्त `t = 0` ते `t = 0.005` एवढाच भाग हवा असेल, तर १०००चा गुणक असूनही तिथे स्टिफपणा नाही. तो झटका नीट दिसायला लहान स्टेप लागणारच, आणि मग प्रत्येक स्टेपला न्यूटन चालवण्याचा खर्च वाया जातो. तिथे `RK45` च बरा.