रजेच्या अर्जाला उत्तर नाही आणि तारीख तोंडावर आली: विचारणा कशी करावी

डिसेंबर संपत आला की सोलापूरच्या ऑफिसांमध्ये रजेचे अर्ज एकाच आठवड्यावर येऊन पडतात. सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा, भोगी, संक्रांत. कुणाच्या घरी पाहुणे, तर कुणाच्या घरी पिढ्यान्‌पिढ्यांची सेवा. साहेबांच्या टेबलावर एकाच तारखांचे चार-पाच अर्ज असतात आणि ते कुणालाच हो म्हणत नाहीत, नाहीही म्हणत नाहीत. बहुतेक वेळा यात राग नसतो. सगळे अर्ज येऊ देत, मग बघू, असा विचार असतो आणि बघायचं राहून जातं.

या लेखासाठी एकच उदाहरण शेवटपर्यंत धरू. चादर-टॉवेलच्या एका मोठ्या घाऊक व्यापाऱ्याच्या ऑफिसात अकाउंट्सचं काम पाहणारा तरुण. सिद्धेश्वर यात्रेत निघणाऱ्या सात नंदीध्वजांपैकी, म्हणजे मानाच्या उंच काठ्यांपैकी, एक पेलणाऱ्यांमध्ये तो आहे. संक्रांत १४ जानेवारीला आहे. म्हणजे १३ ला भोगीच्या दिवशी अक्षता सोहळा, १४ ला होमप्रदीपन आणि १५ ला शोभेचं दारूकाम. त्याने २६ डिसेंबरला १३ ते १५ अशा तीन दिवसांच्या नैमित्तिक रजेचा अर्ज ऑफिसच्या ॲपवरून केला. आज ७ जानेवारी आहे आणि ॲपवर अजून ‘प्रलंबित’ एवढंच दिसतंय.

विचारण्याआधी अर्ज तपासा

साहेबांकडे जाण्याआधी अर्ज नेमका कुठे अडकलाय ते पाहा. तो कुणाकडे गेलाय? साहेब बदलले असतील, तर ॲपमध्ये जुन्याच साहेबांचं नाव राहिलेलं असू शकतं. कागदावर अर्ज दिला असेल, तर तो आवक नोंदवहीत चढलाय का ते बघा. तारखा आणि रजेचा प्रकार बरोबर आहे का, तेही पाहा.

आपल्या तरुणाची गाठ इथेच होती. महाराष्ट्राच्या दुकाने व आस्थापना अधिनियम २०१७ प्रमाणे वर्षाला ८ दिवस नैमित्तिक रजा मिळते, पण ती दर तिमाहीला खात्यात जमा होते आणि न वापरलेली रजा वर्षअखेरीस बाद होते. त्याने डिसेंबरमध्ये अर्ज केला तेव्हा जुन्या वर्षाची शिल्लक दिसत होती. जानेवारी उजाडल्यावर ती गेली आणि नव्या तिमाहीचे दोनच दिवस जमा झाले. त्यामुळे तीन दिवसांचा अर्ज नियमात बसेना. हे त्याला कुणी सांगितलं नाही, कारण ॲप फक्त ‘प्रलंबित’ दाखवतं. त्याने अर्ज दुरुस्त करून दोन दिवस नैमित्तिक आणि एक दिवस अर्जित रजा मागितली. ज्या ऑफिसांना हा कायदा लागू नाही तिथे हिशोब वेगळा असेल, पण नव्या वर्षाच्या तोंडावर शिल्लक तपासणं सगळीकडेच गरजेचं आहे. चूक आपल्याच अर्जात असताना “साहेब, अजून उत्तर नाही” म्हणून गेलो, तर पुढचं बोलणं अवघड होतं.

साहेबांची अडचण आधी ओळखा

माझ्या मते विचारणेतला सगळ्यात मोलाचा भाग हाच आहे, आणि नेमका तोच बहुतेक जण गाळतात. उत्तर लांबवणाऱ्या माणसाच्या मनात एक न सुटलेला प्रश्न असतो. त्या प्रश्नाचं उत्तर तुमच्या निरोपात नसेल, तर निरोप कितीही नम्र असला तरी तो पुन्हा बाजूलाच पडतो.

अकाउंट्समध्ये हा प्रश्न तारखांवरून ओळखता येतो. दरमहा जीएसटीचं विवरणपत्र भरणाऱ्यांसाठी विक्रीचा तपशील देणाऱ्या जीएसटीआर-१ ची मुदत ११ तारखेला असते, म्हणजे ती रजेआधी संपते. कर भरायच्या जीएसटीआर-३बी ची मुदत २० तारखेची आहे. खरेदीवरच्या कराचा मेळ ज्यावरून घालायचा ते जीएसटीआर-२बी १४ तारखेला तयार होतं, आणि नेमका तेव्हा हा रजेवर. साहेबांच्या डोक्यात तेच असणार: हा १६ ला आला, तर चार-पाच दिवसांत मेळ बसेल का? आणि १४-१५ ला एखाद्या पार्टीचा फोन आला तर तो कोण घेणार?

दुसरी अडचण माणसांची. शेजारच्या टेबलावरच्या ताईंनीही १४ तारीख मागितली असेल, तर दोघांना सोडायचं कसं हा पेच आहे. अशा वेळी आधी त्या ताईंशी बोलावं. “ताई, १४ ला तुम्हाला पूर्ण दिवस लागणारे का?” एवढं विचारलं की बऱ्याचदा वाट निघते. इथे निघाली: ताईंना संध्याकाळी हळदीकुंकू होतं, दुपारपर्यंत थांबायला त्या तयार झाल्या.

कधी विचारायचं

रजेच्या आदल्या दिवसावरून नव्हे, तर तुम्हाला निर्णय ज्या दिवशी कळायलाच हवा त्या दिवसावरून मागे मोजा. गाडीचं तिकीट असेल, तर जितक्या उशिरा रद्द कराल तितके पैसे जास्त कापले जातात, म्हणून तो दिवस आधी येतो. या तरुणाला जमलं नाही, तर नंदीध्वजासाठी बदली माणूस द्यावा लागणार होता आणि ते ९ तारखेपर्यंत कळवायचं होतं. म्हणून पहिली विचारणा ७ ला, लेखी निरोप त्याच दिवशी, आणि दुसरी विचारणा ९ ला सकाळी. मध्ये एक पूर्ण कामाचा दिवस सोडला, तर साहेबांना सवड मिळते आणि आपण मागे लागलोय असंही वाटत नाही.

आधी तोंडी, मग लेखी

आपल्याकडे समोरासमोर बोललेलं अजूनही जास्त मानलं जातं, म्हणून आधी भेटावं. सकाळी बँकेची कामं सुरू असताना नको, चार लोक बसलेले असताना नको. ऑफिसच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तर मुळीच नको. तिथे विचारलं की साहेबांना सगळ्यांसमोर उत्तर द्यावं लागतं, आणि एकाला हो म्हटलं की बाकीचे चारही पुढे येतात. जेवणानंतरची वेळ बरी.

“साहेब, दोन मिनिटं आहेत का? १३ ते १५ च्या रजेचं विचारायचं होतं. शिल्लक कमी पडत होती म्हणून अर्ज आज दुरुस्त करून टाकलाय. कामाचं काय करायचं तेही ठरवलंय, ते लिहून पाठवतो. तुम्ही एकदा बघून सांगाल का?”

लगेच हो-नाही मागायची घाई करू नये. साहेब “बघतो” म्हणतील. त्यानंतर तासाभरात मेलवर हा निरोप जावा:

“आदरणीय साहेब,
दुपारी बोलल्याप्रमाणे, १३ ते १५ जानेवारीच्या रजेचा दुरुस्त अर्ज आज केला आहे (२ दिवस नैमित्तिक, १ दिवस अर्जित). जीएसटीआर-१ मी १० तारखेलाच भरतो. खरेदीची बिलं १२ पर्यंत पूर्ण चढवून ठेवतो, म्हणजे १६ ला आल्याबरोबर २बी शी मेळ घालता येईल. १८ पर्यंत ३बी तुमच्या तपासणीसाठी तयार असेल. १४ ला ताई दुपारपर्यंत ऑफिसात आहेत, पार्ट्यांचे फोन त्या घेतील. दारूकाम संध्याकाळी असल्यामुळे १५ ला गरज असेल, तर मी दुपारी दोनपर्यंत कामावर थांबू शकतो. यात्रेत माझ्या जागी दुसरा माणूस द्यायचा झाल्यास मला ९ ला दुपारपर्यंत कळवावं लागेल, म्हणून उद्या संध्याकाळपर्यंत आपला निर्णय कळला तर बरं होईल.”

या निरोपात तक्रारीचा एकही शब्द नाही. “अद्याप उत्तर मिळाले नाही”, “दोनदा सांगूनही” अशी वाक्यं खरी असली तरी ती साहेबांना बचावात ढकलतात. मुदत सांगितली आहे, पण तिचं कारणही दिलं आहे, त्यामुळे ती धमकीसारखी वाटत नाही. १५ तारखेची सवलतही दिली आहे. संपूर्ण हो म्हणणं जड जात असेल, तर अर्धं हो म्हणायला जागा हवी. मात्र जे खरंच सोडता येतं तेच द्यावं. भोगीच्या दिवशी अक्षता सोहळा सोडून ऑफिसात येतो असं लिहून मग न येणं फार वाईट.

तरीही उत्तर नाही आलं तर

९ ला सकाळी फोन किंवा भेट, आणि या वेळी थेट प्रश्न: “साहेब, आज दुपारपर्यंत नंदीध्वजाचं कळवायचंय. हो म्हणू का नको म्हणू?” नकार असेल, तर तो आजच कळणं तुमच्या फायद्याचं आहे.

साहेब गावाला गेले असतील किंवा फोन लागत नसेल, तर एचआरकडे किंवा मालकांकडे जावं लागतं. तेव्हा साहेबांना आधी एक ओळ पाठवावी: “साहेब, आपण बाहेर आहात, म्हणून रजेचं मालकांना विचारतो, मी आपल्याला पाठवलेला मेल त्यांना दाखवतो.” त्यांच्या नकळत वर गेलात, तर रजा मिळेलही, पण पुढच्या अर्जाला अडथळा येईल. वर गेल्यावरही साहेबांनी उत्तर दिलं नाही असं सांगू नये. ते बाहेर आहेत आणि ९ ला निर्णय हवा आहे, एवढं पुरे.

एक गोष्ट मात्र करू नका. “उत्तर आलं नाही तर रजा मंजूर समजतो” असं लिहू नका आणि तसं समजून घरी बसूही नका. सरकारी नोकरीत तर महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, १९८१ स्पष्ट सांगतात की रजा हक्क म्हणून मागता येत नाही. खासगी ऑफिसातही वर्षाच्या रजा ठरलेल्या असल्या, तरी कोणत्या दिवशी घ्यायच्या हे मंजुरीवर ठरतं. मंजुरीशिवायचे दिवस गैरहजेरीत धरून पगार कापला जाऊ शकतो. १२ च्या संध्याकाळपर्यंत काहीच कळलं नाही, तर निघण्याआधी साहेबांना गाठून तोंडी तरी हो मिळवा. नाहीच भेटले, तर सकाळी कामावर जा आणि तिथे विचारा.

तोंडी हो मिळालं की त्याच मेलला एक ओळ जोडा. इथे साहेब ८ च्या संध्याकाळी जिन्यात म्हणाले, “जा रे, पण १५ ला दोनपर्यंत ये.” त्याने लगेच लिहिलं: “साहेब, धन्यवाद. १३ व १४ पूर्ण दिवस आणि १५ ला दुपारी दोननंतर रजा, असं आपण सांगितल्याप्रमाणे धरतो. ॲपवर १५ ची अर्धी रजा करून टाकली आहे, सवडीने मंजूर करावी.” पगाराचा हिशोब ॲपवरून होतो, जिन्यातल्या बोलण्यावरून नाही. म्हणून १२ ला ऑफिसातून निघताना त्याने ॲप उघडून ‘प्रलंबित’च्या जागी ‘मंजूर’ आलंय का ते पाहिलं. आलं नव्हतं. तो केबिनच्या दारात गेला, “साहेब, ॲपवर तेवढं एक बटण राहिलंय,” म्हणाला आणि ते दाबून होईपर्यंत थांबला.