डेटा बाहेर गेल्याचा मेल लिहिताय? निदान या चुका टाळा

"दादा, मेल तर काल पाठवून टाकला, पण सकाळपासून फोन वाजूनच राहिला आहे."

फेब्रुवारीतला शनिवार होता. फोन करणारा पोरगा नागपूरच्या धरमपेठेतल्या एका दुकानदाराचा पुतण्या. काकांची संत्री पेट्यांमध्ये भरून पुण्या-मुंबईला घरपोच पाठवायची, असा त्यांचा धंदा, आणि वेबसाइट यानेच बनवलेली. मेल आधी आणि मला फोन नंतर, हा क्रम माझ्या ओळखीचा आहे. घाईत पाठवलेला मेल मागे घेता येत नाही, हे या पोरांना मेल गेल्यावरच कळतं.

गेलेला मेल असा होता:

"प्रिय ग्राहक, आपल्या डेटाची सुरक्षितता ही आमची सर्वोच्च प्राथमिकता आहे. अलीकडे आमच्या प्रणालीत एक तांत्रिक घटना घडली असून काही ग्राहकांची काही माहिती प्रभावित झाली असण्याची शक्यता आहे. गैरवापर झाल्याचा कोणताही पुरावा नाही. खबरदारी म्हणून आपला पासवर्ड बदलावा व सतर्क राहावे."

असाच मेल मी क्लासवाल्यांकडून पाहिला, लॅबवाल्यांकडून पाहिला, जिमवाल्यांकडूनही पाहिला. कुठल्या तरी मोठ्या कंपनीचा मेल उचलायचा, नाव बदलायचं, मराठी करायचं आणि धाडायचं.

"काही माहिती" म्हणजे कोणती?

माझा सगळ्यात जास्त राग या दोन शब्दांवर आहे, म्हणून आधी हेच.

खरा प्रकार साधा होता. पुतण्याने 2 फेब्रुवारीला साइट नव्या होस्टिंगवर हलवली. हलवताना ऑर्डरींची सगळी यादी `orders_backup.csv` नावाच्या फाइलमध्ये काढली आणि ती साइटच्याच फोल्डरमध्ये विसरला. त्या फोल्डरला कुलूप नव्हतं. पत्ता टाकला की फाइल कोणालाही उतरवता येत होती. 19 तारखेला एका ग्राहकाने स्वतःचा मोबाइल नंबर गुगलवर शोधला, तेव्हा ती फाइल सापडली. फाइलमध्ये 2,140 ऑर्डरी होत्या. प्रत्येकीत नाव, मोबाइल, ईमेल, घरचा पत्ता, कोणती पेटी मागवली आणि किती रुपये दिले, एवढं होतं. कार्डाचा नंबर नव्हता, कारण पैसे पेमेंट गेटवेच्या पानावर भरले जातात आणि दुकानाकडे फक्त "पैसे मिळाले" एवढाच निरोप येतो. पासवर्ड तर नव्हतेच. या साइटवर खातं उघडायची सोयच नाही! तरी मेलमध्ये "पासवर्ड बदला".

आता पुढचं ऐका. पुण्याच्या एका काकूंनी तो मेल नीट वाचला आणि आज्ञाधारकपणे आपल्या ईमेलचा पासवर्ड बदलला. दुसऱ्याच दिवशी त्यांना फोन आला. बोलणाऱ्याने त्यांचं नाव घेतलं, पत्ता सांगितला, "तुमच्या संत्र्यांच्या दोन पेट्या कुरियरमध्ये अडकल्या आहेत, 5 रुपये भरा, लिंक पाठवतो" म्हणाला. ऑर्डर खरी, पेट्या दोनच, पत्ता बरोबर. काकूंनी संशय का घ्यावा? लिंकवरून कुरियरचं म्हणून एक ॲप उतरलं, त्यात त्यांनी कार्डाचे तपशील भरले, आणि एसएमएसमधला ओटीपी त्या ॲपनेच वाचला. 38 हजार गेले.

मेल त्यांच्यापर्यंत पोहोचला होता, त्यांनी वाचला होता, सांगितलेलं केलंही होतं. फक्त उपयोगाचं एक वाक्य त्यात नव्हतं: "तुमची ऑर्डर आणि पत्ता माहीत असलेला माणूस फोन करेल, तो आमचा नसेल."

काय गेलं यावरूनच कोणती फसवणूक होणार ते ठरतं. ऑर्डर आणि पत्ता गेला, तर पार्सलचा फोन येतो. लॅबमधून रिपोर्ट गेले, तर "रिपोर्टमध्ये गडबड आहे, डॉक्टर बोलतात" असा येतो. पासवर्ड गेले, तर तोच पासवर्ड लोकांच्या इतर खात्यांवर लावून पाहिला जातो. म्हणून सल्ला गेलेल्या गोष्टीला धरूनच द्यायचा. उगाच दहा सूचना दिल्या, तर माणूस सोपी असेल ती एक करतो आणि निश्चिंत होतो.

माझी सवय सांगतो. संगणक उघडायच्या आधी मी कागदावर तीन रकाने आखतो: काय गेलं, काय नाही गेलं, आणि "नाही" कशावरून म्हणतो. तिसरा रकाना रिकामा असला, तर दुसऱ्यातली ती ओळ मी मेलमध्ये घेत नाही. पुतण्याला हे फार वेळखाऊ वाटलं. अर्धा तास लागला.

"गैरवापराचा पुरावा नाही"

हे वाक्य लिहिणाऱ्याला मी एकच विचारतो: पुरावा शोधला का? आणि शोधला तो कुठे?

पुतण्या म्हणाला, लॉग पाहिले, काहीच नाही. मी पाहायला बसलो, तर होस्टिंगवाला लॉग फक्त 7 दिवस ठेवतो. म्हणजे पुतण्याने 19 तारखेला उतरवून ठेवलेले 13 फेब्रुवारीपासूनचे लॉग, एवढेच आमच्या हातात. 2 ते 12 या 11 दिवसांत काय झालं, ते कोणालाच सांगता येणार नाही. शिवाय असलेल्या लॉगमध्येही काहीतरी होतंच. पोरगा लॉगिनचे फसलेले प्रयत्न शोधत होता, पण कुलूपच नसलेल्या फाइलला लॉगिन कशाला लागेल? शोधायचं होतं ते फाइलचं नाव:

```
grep "orders_backup.csv" access.log
```

9 ओळी आल्या. त्यांतल्या 2 भेटी दुकानाच्याच इंटरनेटवरून, 1 सर्च इंजिनच्या बॉटची, उरलेल्या 6 अनोळखी. ओळीत `200` हा आकडा असला आणि पुढचा बाइटचा आकडा फाइलच्या आकाराइतका असला, की फाइल पूर्ण उतरली असं समजायचं. सहाही पूर्ण होत्या.

काका मात्र अडून बसले. "अबे, सहा जणांनी नेली असं लिहिलं, तर लोकं पळतील ना! कायले सांगायचं?" मी म्हटलं, भाऊ, काकूंना फोन करणारा त्या सहांतलाच असू शकतो, आणि नसला तर त्या 11 दिवसांतला असेल. लिहायचं ते असं: "13 ते 19 फेब्रुवारीत ही फाइल अनोळखी ठिकाणांहून 6 वेळा उतरवली गेली. त्याआधीची नोंद आमच्याकडे नाही, म्हणून ती इतरांकडेही असू शकते असं धरून चाला." नोंद नसणं वेगळं आणि घटना नसणं वेगळं.

दोन दिवसांनी गेलेला दुसरा मेल असा होता. विषय: "तुमचं नाव, मोबाइल आणि पत्ता आमच्या चुकीने उघडा पडला."

"नमस्कार. आमच्या ऑर्डरींची यादी 2 ते 19 फेब्रुवारी या काळात आमच्या चुकीने इंटरनेटवर उघडी राहिली. तुमची ऑर्डर त्या यादीत आहे. यादीत तुमचं नाव, मोबाइल, ईमेल, पत्ता, मागवलेल्या पेट्या आणि रक्कम आहे. कार्डाचा नंबर किंवा यूपीआय पिन नाही, कारण तो आमच्यापर्यंत येतच नाही." यानंतर उतरवल्या गेल्याची वर दिलेली दोन वाक्यं, आणि पुढे: "19 तारखेला फाइल काढून टाकली. पार्सलच्या नावाने कोणी पैसे मागितले, लिंक पाठवली किंवा ॲप टाकायला सांगितलं, तर फोन ठेवा. आम्ही पैसे मागायला फोन करत नाही. पैसे गेले असतील तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर आणि तुमच्या बँकेला कळवा. काही विचारायचं असेल तर ऑर्डरच्या डब्यावर छापलेल्या नंबरवर फोन करा."

बस. माफी एका ओळीत, शेवटी. पाठवण्याआधी मी असा मेल शेजारच्या मावशींना वाचून दाखवतो. या वेळी त्यांनी विचारलं, "म्हणजे माझे पैसे गेले का?" त्यावरून कार्डाचं वाक्य मी वर आणलं. मावशी प्रश्न विचारतात, तोवर मेल झालेला नसतो.

मेलमधलं बटण

पहिल्या मेलच्या तळाशी "येथे क्लिक करा" असं हिरवं बटण होतं. लोकांना लिंक दाबू नका म्हणायचं आणि लगेच खाली लिंक द्यायची! त्यात एकगठ्ठा मेल पाठवणारी साधनं कोणी क्लिक केलं हे मोजण्यासाठी लिंक बदलून आपल्याच कुठल्या तरी पत्त्यावरून फिरवतात. जागरूक ग्राहक त्यावर बोट दाबून धरतो, तर दुकानाऐवजी भलतंच नाव दिसतं. मग तो मेलच खोटा ठरवतो, आणि मी त्याला दोष देणार नाही. मी लिंक ठेवतच नाही, आणि क्लिक मोजायची सोय बंद करतो. ऑर्डरची पावती ज्या पत्त्यावरून जाते, त्याच पत्त्यावरून हा मेल पाठवतो. म्हणूनच नंबरही मेलमधला नको, डब्यावरचा. तो भामट्याला बदलता येत नाही.

बाकीच्या, एकेका ओळीत

सगळे पत्ते `To` किंवा `CC` मध्ये टाकून पाठवू नका. एका क्लासवाल्याने टाकले आणि माफीच्या मेलमधूनच दुसऱ्यांदा यादी फुटली.

मजकूर पीडीएफमध्ये जोडू नका.

`noreply` पत्त्यावरून पाठवू नका.

सवलतीचं कूपन तर अजिबात नको. काका 10 टक्के द्यायला निघाले होते.

शुक्रवारी संध्याकाळी पाठवून दुकान बंद करू नका. फोन उचलायला माणूस बसवा आणि त्याच्यासमोर तोच तीन रकान्यांचा कागद ठेवा.

कायद्याचं एवढंच

मेल लिहिण्याच्या नादात ही एक गोष्ट राहते. एप्रिल 2022 च्या निर्देशांप्रमाणे अशी घटना लक्षात आल्यापासून 6 तासांत केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेला, म्हणजे सर्ट-इनला, कळवावी लागते. त्यासाठी `incident@cert-in.org.in` हा पत्ता आहे. पुतण्याला हे तिसऱ्या दिवशी माझ्याकडून कळलं. वैयक्तिक डेटाच्या 2023 च्या कायद्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले. त्यांतला ग्राहकाला कळवण्याचा नियम 18 महिन्यांनी लागू होतो आणि तो साध्या, स्पष्ट भाषेत या गोष्टी मागतो: काय, किती आणि केव्हा झालं, त्याचे परिणाम काय होऊ शकतात, आम्ही काय केलं, तुम्ही काय करावं, कोणाशी बोलावं. वरच्या मेलमध्ये हे सगळं बसतं, आणि वकिलाची भाषा त्यात कुठेच लागली नाही.

दुसरा मेल गेल्यावर दोन दिवसांत सोळा जणांनी डब्यावरच्या नंबरवर फोन केला, की आम्हालाही 5 रुपयांचा फोन आला होता, ठेवून दिला. त्यांच्याकडून आलेले नंबर आम्ही दूरसंचार खात्याच्या संचार साथी पोर्टलवर, संशयास्पद फोन कळवायच्या चक्षू या सोयीत नोंदवले. काकूंची 1930 वरची तक्रार मात्र उशिरा गेली होती, आणि त्यांचे पैसे अजून आलेले नाहीत.