दोन बाजू आणि मधला कोन: उसाच्या फडाआडची लांबी कशी काढावी

विहीर फडाच्या एका अंगाला, शेततळे दुसऱ्या अंगाला, आणि मध्ये पुरुषभर वाढलेला ऊस. विहिरीपासून तळ्यापर्यंत सरळ पाइप टाकायचा आहे. टेप आरपार जात नाही, पलीकडचे दिसतही नाही. पण बांधाच्या कोपऱ्यावर उभे राहिले की विहीरही दिसते आणि तळेही. गणित तिथून सुरू होते.

कोपऱ्याला C म्हणू, विहिरीला A, तळ्याला B. टेपने मोजले तर C पासून विहीर ६० मीटर, तळे १०० मीटर. कोपऱ्यावरचा कोन ४० अंश. शाळेत त्रिकोणांच्या एकरूपतेची बाकोबा कसोटी शिकलेली असते: दोन बाजू आणि त्यांमधला समाविष्ट कोन ठरला की त्रिकोण एकच बनतो. म्हणजे उरलेली बाजू आणि उरलेले दोन कोन ठरलेलेच आहेत, फक्त शोधून काढायचे आहेत. नावांची रीत अशी: A कोनासमोरची बाजू a, B समोरची b. म्हणून a = १००, b = ६० आणि हवी असलेली पाइपची लांबी c.

आधी कोनाबद्दल थोडे, कारण सगळा हिशेब त्यावर उभा आहे. मोबाइलमधल्या होकायंत्राने तो मोजायचा मोह होतो, पण जवळ लोखंडी मोटार किंवा तारेचे कुंपण असले की ते दोन-चार अंश सहज चुकते. या त्रिकोणात एका अंशाची चूक पाइपच्या लांबीत जवळपास एक मीटरची चूक करते. त्यापेक्षा टेप बरा. कोपऱ्यावर खुंटी ठोका. विहीर ते खुंटी ही रेघ तशीच मागे १० मीटर वाढवा, तळे ते खुंटी हीसुद्धा १० मीटर वाढवा. मागच्या बाजूला, फडाच्या बाहेर, तेवढाच विरुद्ध कोन तयार होतो. त्या दोन टोकांमधले अंतर मोजा. ते ६.८४ मीटर भरले तर:

```
2 × sin⁻¹(6.84 ÷ 20) = 40°
```

इथे सेंटीमीटरभर चूक झाली तरी पाइपच्या लांबीत सहा सेंटीमीटरच्या आसपास फरक पडतो.

आता लांबी. साइनचा नियम सोपा वाटतो, पण तो इथे सुरुवातीला चालत नाही. त्याला एक पूर्ण जोडी लागते, म्हणजे एक बाजू आणि तिच्याच समोरचा कोन. आपल्याकडे C कोन आहे, पण त्याच्या समोरची बाजूच माहीत नाही. म्हणून पहिली पायरी कोसाइन नियमाची:

```
c² = a² + b² − 2ab cos C
c² = 10000 + 3600 − 12000 × 0.76604
c² = 13600 − 9192.5 = 4407.5
c  = 66.39
```

कोसाइन नियम म्हणजे वाढवलेला पायथागोरसच. कोन ९० अंशांचा असता तर cos शून्य झाला असता आणि शेवटचे पद गळून पडले असते. इथे कोन काटकोनापेक्षा लहान आहे, बाजू एकमेकींकडे झुकल्या आहेत, म्हणून बेरजेतून काहीतरी वजा होते. कोन विशाल असेल तर cos ऋण येतो आणि वजाबाकीची बेरीज होते. ते चिन्ह कॅल्क्युलेटर स्वतः सांभाळतो, आपण हाताने बदलायचे नाही.

पाइप ६ मीटरचे मिळत असतील तर अकरा पाइपांचे ६६ मीटर होतात आणि ३९ सेंटीमीटर कमी पडतात. बारावा घ्यावाच लागेल.

या पायरीवर दोन चुका नेहमी होतात. पहिली घाईची: १३६०० मधून १२००० वजा करून उरलेल्याला ०.७६६० ने गुणणे. तसे केले तर c = ३५ येते. दोन बाजूंच्या फरकापेक्षा, म्हणजे ४० मीटरपेक्षा, तिसरी बाजू लहान असूच शकत नाही. त्यामुळे ही चूक लगेच पकडता येते. दुसरी चूक जास्त लबाड आहे. कॅल्क्युलेटर DEG ऐवजी RAD वर असला तर उत्तर १४७ मीटर येते. ते १६० पेक्षा कमी आहे, म्हणून वरवर खरे वाटते. ओळखायचे असे: कोन ९० अंशांचा असता तर लांबी १३६०० चे वर्गमूळ, म्हणजे सुमारे ११७ मीटर आली असती. कोन त्याहून लहान असताना तिसरी बाजू ११७ च्या वर जाणार नाही.

आता कोन काढायचे. चर कोणत्या दिशेने खणायचा ते विहिरीवरचा A कोन सांगणार, म्हणून हात आधी त्याच्याकडेच जातो. आता c आणि C ही जोडी पूर्ण आहे, साइन नियम लावता येतो:

```
sin A = 100 × sin 40° ÷ 66.39 = 0.968
sin⁻¹ → 75.5°
```

आणि इथेच माणूस फसतो. ७५.५ अंश आणि १०४.५ अंश या दोन्हींचा साइन सारखाच असतो. Sin⁻¹ चे बटण मात्र नेहमी लघुकोनच दाखवते. कॅल्क्युलेटरचा यात दोष नाही, त्याला आपला त्रिकोण दिसत नाही.

ही अडचण टाळायला दिलेल्या दोन बाजूंपैकी लहान बाजूसमोरचा कोन आधी काढायचा. त्रिकोणात फार तर एकच कोन विशाल असू शकतो आणि तो सर्वांत मोठ्या बाजूसमोरच असतो. ६० ही १०० पेक्षा लहान, तेव्हा B लघुकोनच असणार आणि बटणावर विश्वास ठेवता येतो:

```
sin B = 60 × sin 40° ÷ 66.39 = 0.5809
B = 35.52°
A = 180 − 40 − 35.52 = 104.48°
```

A थेट काढून ७५.५२ धरला असता तर B साठी ६४.४८ उरले असते. बेरीज १८० च भरते, त्यामुळे बेरीज करून ही चूक कळत नाही. कोन आणि बाजू यांचा क्रम लावून पाहा: ६० मीटरच्या बाजूसमोर ६४ अंश आणि तिच्याहून मोठ्या ६६ मीटरच्या बाजूसमोर ४० अंश? असा त्रिकोण नसतो. शेतात या चुकीची किंमत मोठी आहे. विहिरीपासून २९ अंश तिरका चर गेला तर ६६ मीटर खणून झाल्यावर आपण तळ्यापासून ३३ मीटर लांब उभे असू.

साइनवर भरवसा नसेल तर A साठीही कोसाइन नियमच उलटा वापरा. तिथे विशाल कोन ऋण चिन्हासकट येतो, गोंधळाला जागाच नाही:

```
cos A = (b² + c² − a²) ÷ 2bc
cos A = (3600 + 4407.5 − 10000) ÷ 7967 = −0.2501
A = 104.48°
```

आता हा कोन जमिनीवर आणायचा, तोही ऊस न तुडवता. कोपऱ्याकडून विहिरीकडे आलेली रेघ विहिरीच्या पुढे ५ मीटर वाढवा आणि तिथे खुंटी ठोका. मग फडाच्या बाहेरच्या बाजूला असा एक बिंदू शोधा, जो विहिरीच्या बिंदूपासून ५ मीटर आणि या खुंटीपासून ७.९१ मीटर असेल. दोन टेप ताणले की तो एकाच जागी जुळतो. १० ला A च्या निम्म्या, म्हणजे ५२.२४ अंशांच्या साइनने गुणून हे अंतर येते. त्या बिंदूवर काठी रोवा, तिच्यामागे उभे राहा आणि काठी व विहिरीचा बिंदू एका रेषेत धरा. नजर जिथून फडात शिरते, तिथून पहिली सरी कापायला घ्या.