शून्याला भागणं आणि शून्याने भागणं: या चुका टाळा

०÷५ आणि ५÷०, दोन्हींपुढे उत्तर शून्यच लिहिलेलं वह्यांमधून सर्रास दिसतं. ‘शून्य आलं की उत्तर शून्य’ हा नियम गुणाकाराचा. तो भागाकाराला चिकटवला की घोळ झालाच.

भागाकाराचा ताळा गुणाकाराने करायचा: भाजक गुणिले उत्तर म्हणजे भाज्य. ०÷५ चं उत्तर ०, कारण ५×०=०. दुसरी कोणतीच संख्या इथे बसत नाही. आता ५÷० चं उत्तर ० धरून बघा: ०×०=०, पाच येत नाहीत. ५ धरा, हजार धरा, शून्याने गुणल्यावर शून्यच हाती येतं. म्हणजे ताळा जुळेल अशी संख्याच नाही. ०÷० मध्ये अडचण उलटी: ७ धरा की ४२, ताळा जुळतोच. ठरावीक एक उत्तर निघत नाही, म्हणून त्यालाही व्याख्या नाही.

‘मग उत्तर अनंत लिहू’ म्हणणारे पुष्कळ. भास्कराचार्यांनीही बाराव्या शतकात छेदात शून्य असलेल्या राशीला ‘खहर’ म्हणून अनंत मानलं होतं. कल्पना कुठून येते ते कळतं: ६÷०.१=६०, ६÷०.०१=६००, भाजक लहान होईल तसं उत्तर फुगतं. पण भाजक ऋण बाजूने शून्याकडे आणा. ६÷(−०.०१) म्हणजे −६००! एका बाजूने उत्तर वर चाललंय, दुसरीने खाली. शून्यावर नेमकं कोणतं घेणार? शिवाय अनंत ही काही नेहमीच्या आकडेमोडीतली संख्या नव्हे.

बीजगणितात हीच चूक लपून येते. x² = 5x दिसलं की घाईत दोन्ही बाजूंना x ने भागतात आणि x = 5 लिहून मोकळे होतात. x शून्य असू शकतो हे तपासलंच नाही, म्हणून x = 0 हे उत्तर गेलं. सगळं एका बाजूला आणा, x(x − 5) = 0 करा, दोन्ही उत्तरं मिळतील. चल संख्येने भागण्याआधी ‘ही शून्य असेल तर?’ हे विचारायचंच.

संगणकावर तर याची किंमत मोठी. सप्टेंबर १९९७ मध्ये अमेरिकी नौदलाच्या ‘यॉर्कटाउन’ युद्धनौकेवर एका नोंदीत शून्य भरलं गेलं. प्रणालीने त्याने भागायला घेतलं, पाठोपाठ इंजिनांचं नियंत्रण बंद पडलं आणि नौका पावणेतीन तास अडकून राहिली. आत येणारा आकडा भागण्याआधी तपासला असता तर हे टळलं असतं.

एक्सेलमध्ये `#DIV/0!` दिसलं की अनेकजण हे ठोकतात:

```
=IFERROR(A2/B2,0)
```

ही पळवाट मला अजिबात पटत नाही. ज्या दुकानात एकही ग्राहक आला नाही, त्याची प्रति ग्राहक विक्री ० रुपये दिसते आणि सरासरीत ते शून्य मोजलं जाऊन ती खाली येते. शिवाय दुसऱ्या कुठल्या चुकीवरही हे सूत्र पांघरूण घालतं. त्याऐवजी:

```
=IF(B2=0,"",A2/B2)
```

चौकट रिकामी दिसते आणि `AVERAGE` ती धरत नाही. मात्र तिच्यावर पुढे `+` किंवा `-` वापरून बेरीज-वजाबाकी करायची असेल तर `#VALUE!` येईल, तेव्हा तिथेही आधी तपासणी लावा.