अकरा मूलभूत कर्तव्यं क्रमाने लक्षात ठेवण्यासाठी

राज्यघटनेच्या कलम ५१-क मधली ११ कर्तव्यं नुसती घोकली की सहाव्या-सातव्यापाशी हमखास गोंधळ होतो, कारण वाक्यं एकसारखी वाटतात. त्यांना जागा द्या. नाशिकमध्ये सीबीएस बसस्थानकापासून पंचवटीकडे जाणारा रोजचा रस्ता घ्या आणि ११ थांबे आधी कागदावर लिहा. डोळे मिटून ते उलटसुलट म्हणता आले, तरच पुढे जा.

आता प्रत्येक थांब्यावर एकच चित्र ठेवा. समजा सहावा थांबा रविवार कारंजा: तिथे अंगावर वारली चित्रं रंगवलेला तबलजी तबला वाजवतोय (संमिश्र संस्कृतीचा वारसा). सातवा होळकर पूल: पुलाच्या कठड्यातून वडाच्या पारंब्या फुटून गोदावरीत उतरतायत (पर्यावरण). आठवा मालेगाव स्टँड: रिक्षावाला सूक्ष्मदर्शकातून सुट्टे पैसे तपासतोय (वैज्ञानिक दृष्टिकोन). चित्रात हालचाल हवी आणि ते त्या जागेला चिकटलेलं हवं. पुलाशेजारी नुसतं झाड उभं केलंत तर ते उद्या आठवणार नाही, कारण तिथे झाडं असतातच.

उजळणी त्याच रात्री, मग दुसऱ्या, चौथ्या, नवव्या आणि एकविसाव्या दिवशी. वही मिटूनच मनात रस्ता चाला. एक फेरी उलटीही मारा. एखादा थांबा रिकामा दिसला तर पाठांतर वाढवू नका, चित्र बदला आणि तेवढ्याच कर्तव्याची उजळणी पहिल्या दिवसापासून धरा. एकविसावा दिवस होईपर्यंत या रस्त्यावर दुसरी यादी मांडू नका, चित्रं एकमेकांत मिसळतात. तिच्यासाठी कॉलेज रोड घ्या.