जूनची फी आणि चार तारीख

पगार एक तारखेला, भाडं पाचला, वीजबिल बाराच्या आसपास. कागदावर सगळं बसायचं, तरी जूनमध्ये उसनवारी ठरलेलीच. कारण वर्षातून एकदाच येणारे खर्च मी धरतच नव्हतो: जूनची शाळेची फी 36,000, ऑगस्टमध्ये स्कूटरचा विमा 3,000, नोव्हेंबरात आयुर्विम्याचा हप्ता 15,000 आणि दिवाळी 12,000. एकूण 66,000, म्हणजे महिना 5,500.

जानेवारीत तेवढे दरमहा बाजूला टाकायला सुरू केलं, पण महिने मोजल्यावर चूक दिसली. जूनपर्यंत सहा हप्त्यांचे 33,000च होतात, फीला 3,000 कमी. म्हणून पहिल्या वर्षी 6,000 केले. ते दोन तारखेला आपोआप वेगळ्या बचत खात्यात जायचे. रविवारमुळे एकदा पगार उशिरा आला आणि रक्कम वळतीच झाली नाही, तेव्हा ती तारीख चार केली.