पहिल्या पावसावर पेरू नका, आधी विषुववृत्तावरचे ढग बघा

मृग लागला, दोन दिवस पाऊस झोडपून गेला की शिरूर-खेडकडून फोन सुरू होतात, पेरायचं का म्हणून, आणि ट्रॅक्टरचा नंबर जाऊ नये म्हणून अर्धं गाव त्याच आठवड्यात सोयाबीन टाकून मोकळं होतं. पुढं पंधरा दिवस नुसता वारा, बी फुगतं, कोंब येतो आणि वाळतो, मग परत बियाण्याची पिशवी, परत ट्रॅक्टरचं भाडं. दुबार पेरणी झालेली इतकी रानं मी बघितलीत की आता कुणी "पाऊस झाला" म्हटलं की मी आधी विचारतो, ओल किती खोल गेली आणि पुढच्या दोन आठवड्यांचं काय?

हा खंड नशिबाचा भाग नाहीये. हवामानशास्त्र शिकणाऱ्या पोरांना जे एमजेओ शिकवतात, म्हणजे मॅडन-ज्युलियन ऑसिलेशन, ते म्हणजे विषुववृत्ताजवळून पश्चिमेकडून पूर्वेकडं सरकणारा ढगांचा मोठा पट्टा, साधारण 30 ते 60 दिवसांत त्याची एक फेरी होते. हा पट्टा हिंदी महासागरावर आला की तिथनं ढगांचे पट्टे सुटून उत्तरेकडं चढतात, दिवसाला साधारण एक अंश अक्षांश. पुणं साडेअठरा अंशावर, म्हणजे विषुववृत्तावर ढग जमले की आपल्याकडं पोचायला अडीच-तीन आठवडे धरा, हा माझा ढोबळ हिशोब. आणि गंमत इथंच आहे, खाली समुद्रावर ढगांची गर्दी असते तेव्हा वर आपल्याकडं बहुतेक वेळा उघाड असते, तराजूच्या दोन पारड्यांसारखं. पट्टा पुढं पॅसिफिकवर गेला तरी आपल्याकडं जोर कमी होतो.

मग एल निनो काय करतो? पॅसिफिकचं मधलं-पूर्वेकडचं पाणी तापलं की आपल्याकडचा मान्सून अख्ख्या हंगामात दबायची शक्यता वाढते, पण तुमच्या पेरणीचा आठवडा तो सांगत नाही. 1997 ला जबरदस्त एल निनो होता तरी देशात पाऊस सरासरीच्या 102 टक्के झाला, कारण त्या वर्षी हिंदी महासागराचा पश्चिम भाग गरम आणि सुमात्राकडचा थंड होता, त्यालाच पॉझिटिव्ह आयओडी म्हणतात. (एल निनोशी जोडलेल्या, पॅसिफिकवरच्या हवेच्या दाबाच्या झोक्याचा शोध गिल्बर्ट वॉकरनं लावला, तो तेव्हा भारताच्या हवामान खात्याचा प्रमुख होता, खात्याचं मुख्य ऑफिस शिमल्याला होतं, 1928 ला ते पुण्यात आलं म्हणून शिवाजीनगरच्या त्या इमारतीला आजही शिमला ऑफिस म्हणतात.)

2023 बघा म्हणजे कळेल. जूनमध्ये बिपरजॉय चक्रीवादळानं बाष्प ओढून घेतलं, मान्सून पुण्या-मुंबईला 25 जूनच्या आसपास आला. जुलै देशभरात सरासरीपेक्षा 13 टक्के जास्त. लोक निवांत झाले. ऑगस्टमध्ये एल निनो होताच, त्यात एमजेओची जागा चुकीची, आणि 1901 पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट झाला, 36 टक्के तूट, नेमकं सोयाबीन फुलात आणि शेंगा धरताना. सप्टेंबर परत 13 टक्के जास्त. हंगाम मिळून 94 टक्के. कागदावर हा आकडा फार वाईट दिसत नाही, पण रानात शेंगा पोचट.

म्हणून पेरणीआधी एवढं कराच. 75 ते 100 मिमी पाऊस होऊ द्या, ही कृषी विभागाची शिफारस. माझी पद्धत, वीतभर खणा, तळाची माती मुठीत दाबा, लाडू वळला तर ओल आहे, वरवर ओली आणि खाली भुगा असेल तर थांबा. दुपारी तापून संध्याकाळी गडगडाटात आलेला पाऊस वळवाचा, पश्चिमेकडनं खालून पळणारे ढग आणि दिवसभराची झिमझिम सुरू झाली की मला भरवसा वाटतो. आणि हवामान खातं दर गुरुवारी पुढच्या चार आठवड्यांचा अंदाज देतं, त्यातला पहिला-दुसरा आठवडा बघा. तिसऱ्या-चौथ्या आठवड्याचा फक्त कल समजा, त्यावर तारीख ठरवू नका.

बाकी नेहमीचं:
- उगवण चाचणी, 100 पैकी निदान 70 बिया
- बियाणं एकरी 30 किलो
- थायरम 3 ग्रॅम प्रति किलो, नंतर रायझोबियम
- खोली 3-4 सेंमी
- जमल्यास बीबीएफवर, म्हणजे रुंद गादीवाफ्यावर

पेरून झालंय आणि उघाड पडलीय, तर उभ्या पिकात कोळपणी करा, भेगा बुजल्या की ओल टिकते. ताण वाढला तर 13:00:45 या विद्राव्य खताचा एक टक्का फवारा, 10 लिटरला 100 ग्रॅम. "दुष्काळ सहन करणारं" म्हणून दुकानदार हजार-दीड हजाराची बाटली पुढं करेल, ती घेऊ नका, त्या पैशात दोन कोळपण्या होतात. 15 जुलै उलटून गेला तर सोयाबीनचा हट्ट सोडा, बाजरी-तूर धरा.